दहा मोजेपर्यंत

माझं महाडात कोर्टाच्या मागच्या गल्लीत टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, दशक्रियेच्या पत्रिका, जे येईल ते मी लिहून देते. लोक म्हणतात ‘टाईप करून देते’, आणि मला त्याचा राग येतो, कारण निम्म्या लोकांना काय म्हणायचं आहे हे मीच शोधून काढलेलं असतं. दुकानाच्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला पुराच्या पाण्याची रेघ आहे. ती मी रंगवून टाकलेली नाही. पावसाळ्यात कॉम्प्युटर त्या रेघेच्या वरच्या फळीवर चढतो आणि मी उंच स्टुलावर बसून काम करते.

हे काम मी शिकले एका छापखान्यात. तिथले मालक आता नाहीत. कुठलाही मजकूर छापायला घेण्याआधी त्याच्या दोन परीक्षा घ्यायच्या, असा त्यांचा दंडक होता. पहिली कानाची. मजकूर मोठ्यानं वाचायचा, आणि तोही ज्यानं लिहिला त्यानं वाचायचा नाही. ज्यानं तो कधी पाहिलेला नाही, त्याच्या हातात द्यायचा. तो जिथे अडखळेल, जिथे त्याचा श्वास संपेल, तिथे लिहिणाऱ्याचं चुकलेलं आहे. “स्वतः वाचलं की आपला आवाज कागदाची बाजू घेतो,” असं ते म्हणत. दुसरी परीक्षा डोळ्याची. चहावाला आला, पोस्टमन आला, की त्याच्यापुढे कागद धरायचा, मनात दहा आकडे मोजायचे आणि कागद काढून घ्यायचा. मग विचारायचं, काय लिहिलंय? कोणी काय करायचंय? कधी? सांगता आलं तर छपाईला घ्यायचा, नाही तर पुन्हा लिहायचा.

मी तेव्हा विशीतली, शहाणी होते. मला वाटायचं, घाईघाईनं वाचणाऱ्या माणसासाठी आपण का लिहायचं? ज्याला कळून घ्यायचंय तो वाचेल नीट. मालक माझ्याकडे बघून हसत आणि कागद परत माझ्याच टेबलावर ठेवत.

हे सगळं सांगायचं कारण माझी आत्या.

आत्याचं गाव पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या रस्त्याला फुटणाऱ्या वाटेनं चढून गेलं की लागतं. गाव म्हणजे दोन आळ्या. खालच्या आळीत शाळा आणि देऊळ, वरच्या आळीत नऊ घरं, अगदी डोंगराच्या पायाशी. आत्याचं घर त्यातलं सगळ्यात वरचं. तिचा मुलगा, माझा आतेभाऊ, मुंबईकडच्या एका कारखान्यात पाळीवर असतो. नऊही घरांचं तेच आहे. इथे म्हातारी माणसं, तिकडे मुलं.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्या नऊ घरांच्या वर जमिनीला भेग गेली. पहिल्यांदा गुराख्यांनी पाहिली. मग सरकारी माणसं आली, मोजून गेली, भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून मध्ये दोरी ताणून गेली. दोरी तुटली की भेग वाढली असं समजायचं. जोराच्या पावसाचा इशारा आला की वरच्या आळीनं खाली शाळेत राहायला यायचं, असं ठरलं. तलाठी सांगून गेले, पोलीसपाटील दारोदार फिरले. लोकांनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि सगळीकडे एकच उत्तर दिलं, मुंबईला विचारून सांगतो.

आत्याला मी स्वतः सांगितलं. ती म्हणाली, “त्याचा फोन येऊदे. मंग बघू.”

म्हणून गावमंडळाचे अध्यक्ष माझ्या दुकानात आले. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, शिस्तीचे, खिशाला दोन पेनं लावणारे. मंडळाचा मोबाईलवर एक ग्रुप होता, त्यात गाव आणि मुंबईकर मिळून सगळे. पूर्वी त्यावर कोणीही काहीही पाठवायचं, म्हणून आता नवा मजकूर फक्त अध्यक्षांनीच टाकायचा, बाकीच्यांनी त्याखाली उत्तर द्यायचं, असा नियम होता. त्यांना एक पत्र हवं होतं. ते रविवारी देवळात वाचलं जाईल आणि लगेच ग्रुपवर जाईल. मुंबईकरांना पटलं की घरं हलतील.

मी ते पत्र तीन संध्याकाळी बसून लिहिलं, आणि खरं सांगते, जीव ओतून लिहिलं. गावची रीत अशी की पत्राच्या डोक्यावर गावदेवीचं नाव हवं. मग गावातले लहानथोर, मुंबईकर मंडळी, माहेरवाशिणी, सगळ्यांना मानानं नमस्कार. एकाला गाळलं तर वर्षभर रुसवे. मग पूर्वजांनी हे गाव कसं वसवलं, पाणी कुठून आणलं, पालखीला सगळे कसे एकत्र येतात. मग डोंगर आपल्याला कसा सांभाळत आला. आणि मग शेवटी, आता त्या डोंगराला भेग गेली आहे, तरी वरच्या आळीतील नऊ घरांनी इशारा मिळताच शाळेत स्थलांतर करावे ही नम्र विनंती.

रविवारी देवळात मीच ते वाचलं. अध्यक्षांनीच आग्रह केला, आणि मला तो हवाच होता. देऊळ भरलं होतं. पूर्वजांच्या भागाला माझा आवाज जरा भरून आला, मी तो आवरला नाही. आत्या पदरानं डोळे पुसत होती. नम्र विनंतीपाशी मी थांबले, एकेका शब्दावर जोर देऊन वाचलं, आणि सगळ्या माना हलल्या. अध्यक्ष म्हणाले, असं पत्र गावात कधी झालं नव्हतं. तिथल्या तिथे त्यांनी ते ग्रुपवर पाठवलं. देवळाच्या पायरीवर रेंज येते, तिथे उभं राहून.

डोळ्याची परीक्षा मी घेतली नाही. आठवलंच नाही असं म्हणायला आवडेल, पण आठवलं होतं. इतकी माणसं रडल्यावर चहावाल्याला काय विचारायचं, असं मनात आलं आणि मी ते सोडून दिलं.

त्या रात्री ग्रुपवर जोडलेले हात येत राहिले. एकामागून एक. ‘खूप छान.’ ‘गावदेवीच्या नावानं चांगभलं.’ ‘वाचून डोळे भरून आले.’ मी घरी बसून ते वर सरकवत होते आणि सुखावत होते. झोपताना मात्र एक गोष्ट डोक्यात आली. इतक्या उत्तरांत कोणीही एक प्रश्न विचारला नव्हता. शाळेत पाणी आहे का? गुरांचं काय? किती दिवस? ज्याची आई जाणार, तो काहीतरी विचारेल की नाही?

सोमवारी सकाळी मी आतेभावाला फोन लावला. तो पाळीवर निघाला होता, मागून बसचा आवाज येत होता. पत्र वाचलंस का, म्हणून विचारलं.

“वाचलं ना, ताई. एकदम मस्त लिहिलंयस. पालखीला मी येणार म्हणजे येणार, सुट्टी टाकलीय.”

मी विचारलं, पालखीचं कुठे आहे त्यात? तो गोंधळला. म्हणाला, देवीचं नाव आहे, सगळ्यांना आमंत्रण आहे, पालखीचंच असणार ना. मग मी त्याला विचारलं की आईबद्दल काय ठरवलंस. तो म्हणाला, आईबद्दल काय?

मला त्याचा इतका राग आला की मी फोन ठेवून दिला. मग स्वतःच्या मोबाईलवर ते पत्र उघडलं, जसं त्याला दिसलं असेल तसं. देवी, लहानथोर, मुंबईकर, माहेरवाशिणी, पूर्वज, आणि त्याच्याखाली निळ्या अक्षरांत ‘आणखी वाचा’. माझं पत्र तिथे संपत होतं. पुढचं सगळं, डोंगर, भेग, नऊ घरं, बोट लावलं तरच दिसणार होतं. कामावर जाताना, एका हातानं दांडा धरून, कोण बोट लावणार? त्याला दिसलं तेवढं त्यानं वाचलं आणि हात जोडले. उरलेला राग कोणावर काढायचा ते मला कळलं. मालकांची फार आठवण आली आणि त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटली.

देवळात ते पत्र पास झालं ते माझ्या आवाजानं. विनंतीपाशी मी थांबले होते, कागद थांबला नव्हता.

दुसरी सूचना लिहायला मी लगेच बसायला हवं होतं. पण सोमवारी कोर्टाची गर्दी होती, आणि आकाश नुसतंच भरलेलं होतं. अजून वेळ आहे असं वाटलं. मंगळवारी सकाळी इशारा आला. बुधवार दुपारपासून दोन दिवस अतिवृष्टी. पोलीसपाटलांचा फोन आला की भेगेवरची दोरी तुटली आहे आणि वरच्या आळीतल्या झऱ्याला गढूळ पाणी येतंय. कोणी हललं का, मी विचारलं. ते म्हणाले, मुंबईची वाट बघतायत.

मी कॉम्प्युटर फळीवर चढवला, दुकानाचं शटर ओढलं आणि डेपो गाठला. पोलादपूरच्या गाडीत बसून मांडीवर नवा कागद घेतला. आता शहाणपण आलं होतं, म्हणून ठळक मथळा लिहिला, ‘महत्त्वाची सूचना’. खाली मोठ्या अक्षरांत शाळेचं नाव, मग बुधवार, मग अतिवृष्टी, आणि तळाशी साध्या अक्षरांत नऊ घरं. तिकीट द्यायला कंडक्टर आली, माझ्यापेक्षा लहान, चटपटीत मुलगी. मी तिला म्हटलं, एक काम कर, हे जरा बघ. आणि मनात मोजायला लागले. दहाला कागद ओढून घेतला. ती माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तशी बघायला लागली.

“काय लिहिलंय?” मी विचारलं.

“उद्या शाळेला सुट्टी हाय ना,” ती म्हणाली. “पावसाची.”

मला तिच्यावर खेकसावंसं वाटलं. नीट वाच म्हणून कागद पुन्हा तिच्या हातात द्यावासा वाटला. हेच मी विशीत करत होते. पण तिनं काही चूक केली नव्हती. शाळेचं नाव, बुधवार, अतिवृष्टी एवढंच मी ठळक केलं होतं, आणि ती तिन्ही एकत्र आली की कोणीही सुट्टीच म्हणेल. हा कागद ग्रुपवर गेला असता तर पुन्हा जोडलेले हात आले असते.

गाडी पोलादपूरला लागेपर्यंत मी कागदाच्या पाठीवर दुसरा मसुदा केला. मथळा काढला. ‘वरच्या आळीतील नऊ घरे ताबडतोब रिकामी करा’ ही ओळ सगळ्यात वर घेतली. स्टँडवर चहाच्या टपरीवर एक बाई होती, तिच्यापुढे धरला, दहा मोजले.

ती म्हणाली, “कोनाला तरी घर सोडून जायाचा हाय. पन ता माझ्या काय कामाचा?”

तिनं हे सहज म्हटलं आणि चहा गाळायला लागली. मी कपाला हात न लावता उभी राहिले. माझ्या काय कामाचं, हेच. कागद मी नऊ घरांना लिहीत होते, आणि नऊ घरांत कागद वाचणारं कोणी नव्हतं. वाचणारा मुंबईत, बसच्या दांड्याला धरून उभा. घरं रिकामी करा, असं त्याला सांगितलं तर तो म्हणणार, कोणाची तरी घरं, करतील ते. त्यानं काय करायचं हे मी कुठेच लिहिलेलं नव्हतं. पहिल्या पत्रात तर नव्हतंच. त्यानं फक्त एक फोन करायचा होता.

चहा तसाच ठेवून मी तिसरा मसुदा लिहिला. पहिली ओळ: आईला आजच फोन करा.

वर जाणारी जीप भरेपर्यंत ड्रायव्हर बोनेटला टेकून उभा होता. त्याच्यापुढे कागद धरला आणि दहा मोजले. मला इतकी धास्ती होती की मी बहुतेक घाईनं मोजले असणार. कागद काढून घेतल्यावर तो खिसे चाचपायला लागला. मी विचारलं, काय कळलं? तो म्हणाला, “वरच्या आळीतल्या मानसाला उद्या बाराच्या आत शाळेत आनायचा हाय. आयला फोन करायचा. माझी आय खेडला असते. पन मला वाटला, लावावा एक.”

गावात पोचले तेव्हा पाऊस साधाच होता, पण झऱ्याकडून येणारा ओहोळ तांबडा झाला होता. अध्यक्षांना घेऊन मी आत्याच्या ओटीवर बसले. तिथून वर बघितलं की फक्त झाडी दिसायची, भेग दिसायची नाही. ते मला जास्त भयंकर वाटत होतं.

डोळ्याची परीक्षा झाली होती, आता कानाची. या वेळी मी वाचलं नाही. कागद अध्यक्षांच्या हातात दिला, त्यांनी तो पाहिलेला नव्हता. त्यांनी चष्मा लावला, कागद उलटसुलट केला आणि विचारलं, देवीचं नाव कुठाय?

मी म्हटलं, आधी वाचा. त्यांनी नाखुशीनं वाचायला घेतलं, कोरड्या आवाजात, वर्कशॉपमधली यादी वाचावी तसं. पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीवर ते अडखळले, ‘घरे ताबडतोब रिकामी’ पाशी थांबले आणि आत्याकडे बघितलं. आत्याचा चेहरा उतरला होता.

“घर रिकामा करा म्हंजे काय गो?” ती मला म्हणाली. “आमाला हाकलतेस?”

मी समजावायला लागले. तिनं हातानं थांबवलं. तिचं म्हणणं एवढंच होतं की घर असं रिकामं करत नसतात. घराला कुलूप लावतात. कुलूप लावलं म्हणजे माणूस परत येणार आहे. मुलानं फोनवर घर रिकामं कर म्हटलं तर ती त्याच्याशी बोलणार नाही. कुलूप लावून चार दिवस ये म्हटलं तर मग बघू.

मी ‘रिकामी’ खोडलं. तिच्या समोर, तिचेच शब्द घातले. मग तिनं गुरांचं विचारलं. गुरांचं मी लिहिलंच नव्हतं. महाडात राहून राहून मला गुरं आठवेनाशी झाली आहेत. तेही घातलं.

अध्यक्ष मात्र अडून बसले. देवीच्या आधी काहीही लिहायचं नाही. आजवर लिहिलेलं नाही. देवी खाली आणि फोन वर, असा कागद ते पाठवणार नाहीत, आणि ग्रुपवर पाठवायचं बटण त्यांच्याच हातात होतं. मी चिडले. आवाज चढला. मी त्यांना ‘आणखी वाचा’ दाखवलं, माझ्याच पत्राचं वाटोळं कसं झालं ते दाखवलं. ते बघूनही ते नाहीच म्हणाले. बाहेर पावसानं सूर बदलला होता, पत्र्यावरचा आवाज जाड झाला होता, आणि आम्ही दोघं देवी वर की खाली यावर भांडत होतो. त्या क्षणी मला खरंच वाटलं की या माणसाच्या मानपानात माझी आत्या जाणार.

शेवटी मी हात टेकले आणि त्यांनाच विचारलं, खरेदीखत होतं तेव्हा साक्षीदार कुठे सही करतो?

“खाली,” ते म्हणाले.

“मग देवीची साक्ष खाली घालू.”

त्यांनी खिशाला हात घातला. दोन पेनांपैकी एक काढलं आणि कागदाच्या तळाशी स्वतःच्या हातानं लिहिलं, गावदेवीच्या साक्षीनं. मग मी तो त्यांच्या मोबाईलवर उतरवला आणि त्यांनी पुन्हा एकदा मोठ्यानं वाचला. या वेळी कुठे अडखळले नाहीत.

‘आईला आजच फोन करा. वरच्या आळीतल्या नऊही घरांनी उद्या दुपारी बाराच्या आत घराला कुलूप लावून चार दिवस खाली शाळेत यायचं आहे. गुरंही आणायची आहेत. भेगेची दोरी तुटली आहे आणि उद्यापासून मोठा पाऊस आहे. तुम्ही सांगितल्याशिवाय ती निघणार नाही. गावदेवीच्या साक्षीनं.’

संध्याकाळी सहाला अध्यक्षांनी खाली जाऊन देवळाच्या पायरीवरून तो पाठवला, मी आत्याच्या ओटीवरच थांबले. जोडलेले हात एकही आले नाहीत. ग्रुप गप्प बसला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग आत्याच्या शेजारच्या घरात फोन वाजला. मग त्याच्या पलीकडे. मग कुठेतरी दोन एकदम. म्हातारी माणसं रेंज शोधत अंगणात येऊन, पावसात डोक्यावर इरली धरून, मोठ्यानं बोलायला लागली. हो हो म्हणत होती, भांडत होती, गुरांचं विचारत होती. प्रश्न आले होते. मी ओटीवर बसून ऐकत राहिले.

आत्याचा फोन वाजला नाही. ती चुलीशी बसली होती, फोन समोर ठेवून, आणि तिकडे बघत नाही असं दाखवत होती.

मी आतेभावाला लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग आठवलं, कारखान्यात आत जाताना फोन कपाटात ठेवावा लागतो, आणि कधी कधी एका पाळीला दुसरी जोडून येते. आत्याला म्हटलं, चल, तो हेच सांगणार आहे, तू माझं ऐक. ती म्हणाली, त्याचा फोन येऊदे.

बुधवारी सकाळी आठ घरांना कुलपं लागली. पोलीसपाटील गुरं हाकत होते, अध्यक्ष म्हाताऱ्यांना हाताला धरून उतरवत होते. नववं घर उघडं होतं आणि त्यात आम्ही दोघी. झऱ्याचं पाणी आटलं होतं. एवढ्या पावसात झरा आटतो म्हणजे पाणी आत कुठेतरी साठतंय, एवढं मला कळत होतं. दहाला मी रडकुंडीला आले. अकराला मी आत्याला नाही नाही ते बोलले, तिच्या हट्टाला, तिच्या मुलाला, तिच्या कुलपाला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मला भाकरी वाढली. मी ती खाल्लीही.

साडेअकराला फोन वाजला. आत्या पळत अंगणातल्या एका दगडावर जाऊन उभी राहिली, तिथे बोलण्याइतकी रेंज येते. मी मागे गेले. त्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता, दोन पाळ्यांनी थकलेला. “आये,” तो म्हणाला. मग म्हणाला, “थांब, वाचून दाखवतो.” आणि वाचायला लागला. घराला कुलूप लावून चार दिवस खाली शाळेत यायचं आहे. गुरंही आणायची आहेत. एकेक शब्द. तुम्ही सांगितल्याशिवाय ती निघणार नाही, ही ओळसुद्धा त्यानं तिला वाचून दाखवली, आणि तिथे त्याचा आवाज अडला. हा कागद कोणी असा मोठ्यानं वाचेल, आणि ती ऐकेल, हे मी धरलंच नव्हतं. आत्यानं फोन माझ्याकडे दिला आणि घरात गेली. बाहेर आली ती हातात कुलूप घेऊन.

“सांगितलान त्यानं,” ती मला म्हणाली, जणू मला माहीत नव्हतं. “चल.”

दुपारनंतर पाऊस असा लागला की शाळेच्या खिडकीतून वरची आळी दिसेना. नऊ घरांची माणसं दोन वर्गांत चटया टाकून बसली होती. गुरं पडवीत. अध्यक्ष हातात यादी घेऊन दर तासाला घरं मोजत होते, सगळी समोर बसलेली असताना. चारच्या सुमारास आत्या म्हणाली, “तो पयला कागुद हाय का तुझ्याकडं? तो वाच गो. तो बरा होता.”

पिशवीत होता. मला तो बघवत नव्हता, पण बाकीच्या बायाही म्हणायला लागल्या, वाच, वाच. म्हणून मी फळ्याजवळच्या खुर्चीत बसले आणि वाचायला घेतला. देवी, लहानथोर, माहेरवाशिणी. माणसं सरकून जवळ आली. ऐकण्याशिवाय कोणाला काही करायचं नव्हतं, आणि त्यासाठी तो कागद खरंच बरा होता. पाणी कुठून आणलं तिथपर्यंत आले आणि वरून आवाज आला. गडगडाटासारखा, पण जमिनीतून येणारा, आणि बराच वेळ चाललेला. पडवीतली गुरं एकदम उठली.

दुसऱ्या दिवशी कळलं ते असं, की दोन घरांच्या मागच्या भिंती खचल्या आणि माती आत शिरली. आत्याचं स्वयंपाकघर चुलीच्या वरपर्यंत भरलं. चार वाजता ती रोज तिथे चहाला आधण ठेवते. पण हे नंतरचं. त्या वेळी कोणाला काही माहीत नव्हतं. अध्यक्षांनी यादी काढली आणि पुन्हा घरं मोजली, या वेळी मोठ्यानं. एक, दोन, तीन. नऊ झाल्यावर त्यांनी यादी घडी करून खिशात ठेवली आणि खाली बसले.

माझ्या हातात कागद तसाच होता. आत्यानं कमरेला खोचलेली कुलपाची किल्ली चाचपली.

“वाच पुढं,” ती म्हणाली.